मदत हवी: बेडच्या दोन्ही बाजू सारख्या दिसायला मापं कशी धरू?

पाथर्डीफाटा
नवा फ्लॅट, बेडरूममध्ये सुताराचं काम या आठवड्यात सुरू होतंय. बेड ज्या भिंतीला लावायचा ती 11 फूट. तिच्या डाव्या कोपऱ्यात 2 फूट खोल वॉर्डरोब येतो, म्हणजे उघडी भिंत उरते 9 फूट. बेड 5 फुटी, गादीचा वरचा काठ जमिनीपासून 24 इंचांवर. बेड 11 फुटांच्या मध्यावर घेऊ की 9 च्या? मिस्त्री म्हणतो 11 च्या, कारण पंखा तिथे आहे. साइड टेबल आणि लॅम्पची मापंही सांगा.

गोदाकाठ
डोकं दक्षिणेला येतंय ना? ते आधी बघा.

पाथर्डीफाटा
येतंय. प्रश्न मापांचा आहे हो.

सागवान_नाशिक
9 च्या मध्यावर. 11 च्या मध्यावर घेतलात तर वॉर्डरोबकडे एक फूट उरेल आणि पलीकडे तीन. डोळ्याला पंखा नाही, बेडच्या दोन बाजूंच्या मोकळ्या जागा आधी दिसतात. 9 धरलं की दोन्हीकडे 24 इंच. 20 इंची टेबल करा, चादर खोचायला बेडकडे 2 इंच सोडा. पण वॉर्डरोबला दारं कसली? उघडणारी असतील तर शेवटचं दार टेबलावर आपटेल.

पाथर्डीफाटा
स्लायडिंग. पण बिल्डरने दिलेले बोर्ड 11 च्या मध्यापासून दोन्हीकडे 32 इंचांवर आहेत.

सागवान_नाशिक
मग बेड फूटभर सरकला की उजवा बोर्ड हेडबोर्डमागे जाणार. म्हणून हेडबोर्ड 5 फुटी करूच नका. वॉर्डरोबपासून भिंतीच्या टोकापर्यंत 9 फुटांचं सलग पॅनेल घ्या, जमिनीपासून 4 फूट उंच. वायर त्याच्या मागून फिरवून बोर्ड टेबलांच्या वर, दोन्हीकडे एकाच उंचीला घेता येतात. भिंत फोडायला नको.

चहावाला_इंजिनिअर
टेबल गादीच्या उंचीचं आणि लॅम्पही तेवढाच, 24 इंच. सोपा हिशोब.

सागवान_नाशिक
टेबलाचं बरोबर. लॅम्पचं अर्धंच: टेबल 24, लॅम्प 24, बेरीज 48, आणि पॅनेलही 48. शेडचा काठ नेमका पॅनेलच्या रेषेत येतो आणि लॅम्प कापल्यासारखा दिसतो. 28 चा घ्या, शेड 4 इंच वर निघेल. शेड 10 इंच उंच असेल तर तिचा खालचा काठ 42 वर. टेकून बसल्यावर डोळे साधारण 50 च्या आसपास, म्हणजे बल्ब डोळ्यात येत नाही. शेडची रुंदी 14 पुरे.

सिडको_ताई
आमच्याकडे एका बाजूला खिडकी, तिथे टेबल बसतच नाही. काय करू?

सागवान_नाशिक
ताई, तिकडे भिंतीला 10 इंची फळी ठोका, पण तिचा वरचा काठ दुसऱ्या टेबलाच्याच उंचीला. रुंदी वेगळी चालते, उंची वेगळी लगेच खटकते.

पाथर्डीफाटा
पॅनेलचं पटलं. पंखा मात्र बेडच्या मध्यापासून फूटभर बाजूला राहील.

चहावाला_इंजिनिअर
राहू द्या, वारा पुरतो. नाहीतर हूक हलवा.

सागवान_नाशिक
हूक स्लॅबमध्ये असतो, सहज हलत नाही. मी तरी हात लावणार नाही. काम सुरू करण्याआधी भिंतीवर 9 बाय 4 चं वर्तमानपत्र चिकटवून एकदा दारातून बघा.