अनुभव धागा: नव्वदच्या पुढचा कोन आणि चुकणारं चिन्ह

'ऑल, साइन, टॅन, कॉस' पाठ असतं, तरी कोन नव्वदच्या पुढे गेला की चिन्ह चुकतं. तुमचं कुठे अडलं, काय कामी आलं, लिहा.

टेकडीवाला: आमच्या बॅचचं वाक्य होतं, 'आम्ही सारे टेकडीवर कायम'. पहिल्या चरणात सगळे, मग साइन, टॅन, कॉस धन. कोथरूडमध्ये राहून दुसरं काय सुचणार! cos 120° म्हणजे 90 + 30, कॉसचा साइन होतो. दुसऱ्या चरणात साइन धन, म्हणून उत्तर अर्धा. सोपंय.

शिकवणीताई: @टेकडीवाला, वाक्य झकास, उत्तर चुकलं. अकरावीची निम्मी मुलं इथेच घसरतात. चिन्ह मूळच्या फलाचं बघायचं, बदलून आलेल्याचं नाही. दुसऱ्या चरणात कॉस ऋण, म्हणून आधी उणे लिहून टाकायचं आणि मगच कॉसचा साइन करायचा: −sin 30°, म्हणजे −1/2. नाहीतर 180 − 60 घ्या. तिथे फल बदलतच नाही, −cos 60° म्हणजे तेच −1/2. दोन वाटांनी वेगळी उत्तरं आली तर चिन्हच बघा.

अजून एक पडताळा. त्रिकोणाच्या 3 आणि 5 लांबीच्या बाजूंमध्ये 120° चा कोन आहे. समोरच्या बाजूचा वर्ग 9 + 25 − 2×3×5×cos 120°. कॉस −1/2 घेतला तर 34 + 15 = 49, बाजू 7. अधिक अर्धा घेतला तर 19, म्हणजे बाजू साधारण 4.36, पाचापेक्षाही लहान. विशालकोनासमोरची बाजू सगळ्यांत मोठीच हवी. आकृती काढली की चूक डोळ्यांत खुपते.

सदाशिव_पेठ: माझ्या कॅल्क्युलेटरवर cos 120 चं 0.81 येतं. धनच आहे की! चरणांचा नियम बोर्डाने बदलला का?

शिकवणीताई: बोर्डाला कशाला मध्ये आणताय! तुमचा कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. डिग्रीवर आणा, −0.5 दिसेल.

मोजणीवाला: आमचं गणित जरा निराळं. मुळशीकडे प्लॉट मोजताना कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने धरतो. 40 मीटरची रेषा 120° ला असेल तर 40 cos 120° = −20, म्हणजे 20 मीटर दक्षिणेला. साइन धन, म्हणून साधारण 34.64 मीटर पूर्वेला. कागदावर ही रेषा खाली उजवीकडे जाते. पुस्तकात तो चौथा चरण, पण चिन्हं दुसऱ्या चरणाचीच. नवीन पोरं चरण नकाशावर बघून ठरवतात आणि प्लॉट उलटा होतो.

टेकडीवाला: @शिकवणीताई, पटलं. पण मग वाक्य पाठ करून उपयोग काय? वर्तुळावरच्या बिंदूचा x म्हणजे कॉस, y म्हणजे साइन, एवढं पुरे की.

शिकवणीताई: मला पुरतं. पेपरात घाई असते, तेव्हा वाक्यच आठवतं असं मुलं म्हणतात.

मोजणीवाला: आमच्या साइटवर दोन्ही आठवत नाही. उत्तरेला उभं राहून बघतो.