मदत हवी आहे: एक मैल चालण्याची चाचणी, वेळ सुधारली तरी आकडा खाली कसा?

सायंफेरी
रॉकपोर्टची एक मैल चालण्याची चाचणी दोनदा दिली. दमाचा अंदाज देणारा VO2max चा आकडा रविवारी 35.5 आला, बुधवारी 32. बुधवारी मी पस्तीस सेकंद आधी पोचले होते, मग आकडा वाढायला हवा ना? वय 47, वजन 68. आधी व्यायाम असा काहीच नव्हता, दोन महिन्यांपासून चालतेय. भाच्याने पाठवलेलं सूत्र हे:

```
VO2max = 132.853 - 0.0769*W - 0.3877*A + 6.315*S - 3.2649*T - 0.1565*H
```

W वजन, A वय, T वेळ, H नाडी. S च्या जागी बायकांसाठी 0, पुरुषांसाठी 1. बाकी सगळं बरोबर भरलंय, दोनदा तपासलं. येत्या रविवारी परत करायची आहे, त्याआधी कोणीतरी सांगा प्लीज.

कृष्णाकाठ
ताई, दोन्ही दिवसांची वेळ आणि नाडी लिहा. आणि नाडी कशी मोजली, कधी मोजली, तेही.

मीठभाकर
आकड्यांच्या मागे लागू नका. रात्रीची पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू करा, संध्याकाळी सातनंतर काही खाऊ नका. माझं चार महिन्यांत सहा किलो उतरलं. बूट कुठले वापरता?

सायंफेरी
@मीठभाकर, वजनाचं नाही विचारलं हो.
@कृष्णाकाठ, रविवारी 17.45, नाडी 108. बुधवारी 17.10, नाडी 138. रविवारी स्वतः मनगटावर पंधरा सेकंद मोजली, 27 ठोके आले, गुणिले चार. बुधवारी मुलीचं घड्याळ बांधलं होतं, त्यावर बघितली.

दौडवेडा
सरळ आहे. 220 वजा वय 47 म्हणजे कमाल नाडी 173. त्याचे ऐंशी टक्के 138. बुधवारी तुम्ही बरोबर ऐंशी टक्क्यांवर होतात, तीच खरी चाचणी. रविवारी रमतगमत चाललात. नाडी जितकी जास्त तितकी मेहनत चांगली.

कृष्णाकाठ
मेहनतीबद्दल तुमचं खरं आहे, पण या सूत्रात नाडी वजा होते. त्याच वेळेत तेवढंच अंतर कमी ठोक्यांत कापलं तर दम जास्त, असा त्याचा हिशोब. 220 वजा वय हे यात कुठेच येत नाही.
ताई, रविवारी मैल संपल्यापासून नाडीवर बोट ठेवेपर्यंत काय काय केलंत, क्रमाने सांगा. वजन किलोत भरलंत की पौंडांत?

सायंफेरी
रेषेवर पोचले, स्टॉपवॉच थांबवलं, गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले, पाणी प्यायले, मग मोजली. नाडी पटकन सापडत नव्हती. वजन अर्थात किलोत, 68.

कृष्णाकाठ
मग उत्तर त्या बाकावर आहे. थांबल्यावर पहिल्याच मिनिटात ठोके भराभर उतरतात, बसलं की आणखी. रविवारी 108 आले ते विश्रांतीतले. रेषेवर ते 132 च्या आसपास असणार. 24 ठोके कमी धरले की आकडा पावणेचारने फुगतो. बुधवारी तो फुगवटा गेला, म्हणून आकडा खाली दिसला. तुमचा दम कमी झालेला नाही.

मात्र दोन्ही आकडे तसेही चुकीचे आहेत. हे सूत्र पौंडांचं आहे. 68 किलो म्हणजे 150 पौंड. तुम्ही 68 भरल्यामुळे सहाच्या वर गुण फुकट मिळाले. आणि 17 मिनिटं 10 सेकंद म्हणजे 17.10 नव्हे, सेकंदांना साठाने भागायचं, 17.17. बुधवारचं नीट मांडलं तर असं:

132.85 − 11.54 − 18.22 − 56.05 − 21.60 = 25.4

रविवारचं मांडण्यात अर्थ नाही, नाडीच हाती नाही.

सायंफेरी
25?? म्हणजे 35 वरून 25? दोन महिने रोज पहाटे उठतेय मी.

निवृत्त_मास्तर
मी 58 चा. वजन 70, म्हणजे 154 पौंड. पंधरा मिनिटांत मैल, संपताना नाडी फक्त 92. आत्ताच तुमच्या सूत्रात घातलं, 41 आलं! मुलगा 30 चा आहे, त्याचं एवढं येत नाही. रोज सकाळी कोमट पाणी पितो.

कृष्णाकाठ
काका, रागावू नका. रक्तदाबाची गोळी चालू आहे का? मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल असं काही?

निवृत्त_मास्तर
मेटोप्रोलॉल आहे, तीन वर्षं. त्याचा काय संबंध?

कृष्णाकाठ
ती गोळी नाडीला फार वर जाऊ देत नाही. 92 हे गोळीचं काम आहे, आणि सूत्र ते दमाच्या खात्यावर जमा करतं. तुमच्यासाठी ही चाचणी चालत नाही. गोळी मात्र चाचणीसाठी एक दिवसही सोडू नका. तुम्ही वेळ तेवढी लिहून ठेवा, पंधरा मिनिटं चांगलीच आहे.

दौडवेडा
मुळात मनगटावरच्या घड्याळावर विश्वास ठेवताच कशाला? भरभर चालताना ते कधी कधी पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवतं. छातीचा पट्टा घ्या.

कृष्णाकाठ
याबाबत दौडवेडा बरोबर आहेत. पण पट्टा विकत घ्यायची गरज नाही. रेषेवर उभं राहूनच, लगेच, गळ्याच्या एका बाजूला दोन बोटं हलकेच ठेवा आणि पंधरा सेकंद मोजा. शेवटच्या फेरीत जागा एकदा चाचपून ठेवली की शोधाशोध होत नाही.

दौडवेडा
पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला की चाराचा फरक. पट्टाच बरा.

कृष्णाकाठ
चार ठोके म्हणजे आकड्यात अर्ध्याहून थोडं जास्त. मूळ सूत्रच चार-पाच इकडेतिकडे होतं. 1987 साली ते 30 ते 69 वयाच्या निरोगी लोकांवरून बसवलं, प्रत्येकाला तंतोतंत लागू पडेल असं नाही.
ताई, एक विचारायचं राहिलं. मैल मोजला कसा?

सायंफेरी
मैदानाच्या चार फेऱ्या आणि वर दहा पावलं. पाटीवर 400 मीटर लिहिलंय. आतून मुलं पळत असतात म्हणून मी कडेच्या झाडांखालून चालते.

कृष्णाकाठ
पाटीवरचे 400 आतल्या रेषेचे. पाच मीटर बाहेरून चाललात तर प्रत्येक फेरीला 31 मीटर वाढतात. कदाचित तुम्ही मैलापेक्षा बरंच जास्त चालला आहात. टेप घेऊन मोजता येईल का?

मीठभाकर
बुटांचं कोणी सांगितलंच नाही. टाच झिजली असेल तर वेग पडतो.

सायंफेरी
आज संध्याकाळी मुलीला घेऊन गेले. मंडपवाल्याकडून तीस मीटरची टेप आणली, ती पुढे धरायची, मी मागून चुन्याची खूण करत गेले. वळणावर थोडी थोडी टाकत मोजली, कारण ताणून धरली की टेप आतून जाते. चौदा टेप आणि वर सात मीटर. 427!

कृष्णाकाठ
म्हणजे चार फेऱ्यांचेच 1708, मैल 1609 चा. बुधवारचा वेग धरला तर तुमचा मैल साधारण सव्वासोळा मिनिटांत होतोय. त्याने आकडा 28-29 पर्यंत येईल, पण घड्याळाचे 138 खरे असतील तरच. रविवारी तिथूनच तीन फेऱ्या आणि पुढे 328 मीटरवर खूण करा, तिथे थांबा, तिथेच बोटं.

सायंफेरी
चौथ्या फेरीतली ती खूण पिंपळाच्या थोडी अलीकडे येतेय, आत्ताच चुना टाकून आले. घड्याळही बांधते, दोन्ही आकडे लिहीन.

निवृत्त_मास्तर
गोळी घेणाऱ्यांसाठी दुसरी कुठली चाचणी आहे का?