पाच लाखांचे अकरा लाख झाले, पण खरे वाढले किती?

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली. फेब्रुवारी 2026)

ए-201 काका: मंडळी, 2019 च्या फेब्रुवारीत पेन्शनच्या पैशातले 5 लाख एका इक्विटी म्युच्युअल फंडात एकरकमी टाकले होते. आज स्टेटमेंटवर 11 लाख दिसतात. 120 टक्के झाले! म्हणजे वर्षाला 17 टक्के. नातीच्या कॉलेजची फी भरायची आहे, म्हणून आता काढावे म्हणतो.

सी-302 दादा: अभिनंदन काका. बँकेत ठेवले असते तर एवढे झाले नसते.

बी-104 ताई: काका, फायदा चांगलाच झालाय, पण 17 नाही हो. 120 ला 7 ने भागून वर्षाचा दर निघत नाही. दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या वाढीवरही वाढ मिळते, ती त्यात धरलीच जात नाही. 5 चे 11 म्हणजे 2.2 पट. त्याचं सातवं मूळ काढलं की दर येतो 11.9 टक्के. एक्सेलमध्ये टाकून बघा:

```
=(1100000/500000)^(1/7)-1
```

ए-201 काका: बरं, 11.9 धरू. त्यातून फंडाचा खर्च वजा करायचा ना? एक्स्पेन्स रेशो 1.7 आहे असं एजंट म्हणाला होता. म्हणजे राहिले 10.2.

बी-104 ताई: नाही काका, तो वजा करू नका. खर्च रोजच्या रोज फंडातूनच कापला जातो आणि उरलेल्यावरच एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर होते. तुमचे 11 लाख हे खर्च जाऊनच उरलेले आहेत. परत वजा केला तर एकच खर्च दोनदा धरला जाईल. आमच्या ऑफिसात रिटर्न भरायला येणाऱ्यांपैकी बरेच जण इथंच चुकतात.

सी-302 दादा: मग फी किती गेली हे कळायचं कसं? ती कुठं दिसतच नाही.

बी-104 ताई: दोन ठिकाणी दिसते. सहा महिन्यांनी जे एकत्रित स्टेटमेंट येतं, त्यात तुमच्या फंडापोटी एजंटला किती रुपये कमिशन गेलं ते छापलेलं असतं. बहुतेक जण पहिलं पान बघून बंद करतात. दुसरं म्हणजे त्याच योजनेचा डायरेक्ट प्लॅन बघायचा. 2013 पासून प्रत्येक योजनेला तो आहे. शेअर तेच, मॅनेजर तोच, फक्त कमिशन नाही. काकांचा रेग्युलर आहे, म्हणजे एजंटमार्फत घेतलेला. डायरेक्टमध्ये दर वर्षाला 1 टक्क्याने जास्त पडला असता असं धरा, तर 11 च्या जागी साधारण 11 लाख 70 हजार झाले असते. सात वर्षांची 70 हजारांची किंमत ती. एजंटने फॉर्म भरून दिले, 2020 च्या मार्चमध्ये बाजार कोसळला तेव्हा काकांना काढू दिले नाहीत, हे मोलाचंच आहे. पण त्याचे किती मोजले, हे माहीत असावं.

सी-302 दादा: मग काकांनी आता डायरेक्टमध्ये स्विच करावं का?

बी-104 ताई: स्विच म्हणजे आयकराच्या दृष्टीने विक्रीच. कर लगेच लागतो. आणि काकांना पैसे काढायचेच आहेत, तर त्यांनी त्यात पडू नये.

ए-201 काका: कराचं सांग. एक वर्षाच्या वर झालं की लागत नाही असं ऐकलं होतं.

बी-104 ताई: ते 2018 च्या मार्चपर्यंत होतं. आताचा नियम 23 जुलै 2024 पासूनचा आहे. इक्विटी फंड एक वर्षापेक्षा जास्त ठेवला असेल तर आर्थिक वर्षातल्या पहिल्या सव्वा लाख नफ्यावर कर नाही, वरच्यावर 12.5 टक्के, आणि त्या करावर 4 टक्के सेस. तुमचा नफा 6 लाख. सव्वा लाख गेले, राहिले 4,75,000. कर 59,375, सेस 2,375, एकूण 61,750. हातात 10,38,250. आता दर निघतो 11 टक्के.

ए-502 काकू: आणि महागाई? सगळं तिकडंच जातं बघा की. औषधं, किराणा, सिलिंडर.

बी-104 ताई: तेच राहिलंय काकू. या सात वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांक सरासरी वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास वाढलाय. म्हणजे 2019 मध्ये 5 लाखांत जे येत होतं, त्याला आज सुमारे 7 लाख 4 हजार लागतात. काकांच्या 5 लाखांचे 7 लाख 4 हजार होईपर्यंत ते श्रीमंत झालेलेच नाहीत, जागच्या जागी आहेत. खरा फायदा त्याच्या वरचा, 10,38,250 मधून तेवढे गेले की सुमारे 3 लाख 34 हजार. दर काढताना 11 मधून 5 वजा करून 6 म्हणू नका, भागाकार करायचा:

```
=(1.11/1.05)-1
```

येतात 5.7 टक्के. खरा परतावा हा.

ए-201 काका: 17 वरून 5.7 वर आणलंस की गं.

बी-104 ताई: काका, 5.7 खूप चांगला आहे. आमच्याकडे येणारे तुमच्या वयाचे लोक 7 टक्क्यांची एफडी दाखवतात. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून कर गेला की 5.5 उरतात, आणि 5 टक्के महागाई गेली की अर्धा टक्का. एफडीत मुद्दल हलत नाही, फंडात हलतं, ती जोखीम तुम्ही घेतली होतीत. पण दोन्हींची तुलना करायची तर ती 5.7 आणि 0.5 ची, 17 आणि 7 ची नाही.

मला खटकतं ते वेगळंच. कर 6 लाखांच्या नफ्यावर मोजला जातो, आणि त्यातले 2 लाखांहून जास्त नुसती महागाई आहे. महागाई सोडून कराआधीचा खरा नफा 3,96,000 च्या आसपास. त्यावर 61,750 म्हणजे साडेपंधरा टक्के कर झाला, साडेबारा नव्हे. महागाई जितकी जास्त, तितका हा फरक वाढतो.

ए-502 काकू: पण नातीची फी 5 टक्क्यांनी वाढत नाही ना.

बी-104 ताई: बरोबर काकू. ज्या कामासाठी पैसे ठेवलेत, त्याचीच महागाई धरायला हवी. तिच्या कॉलेजची फी वर्षाला 8 टक्क्यांनी वाढली असेल तर 1.11 भागिले 1.08, म्हणजे 2.8 टक्केच. काका, सात वर्षांपूर्वीची फी आणि आताची फी कॉलेजमधून विचारून घ्या, तुमचा स्वतःचा आकडा निघेल.

सी-302 दादा: माझी एसआयपी आहे, तिला हेच सूत्र?

बी-104 ताई: नाही, एसआयपीला हप्ते वेगवेगळ्या तारखांचे, म्हणून एक्सआयआरआर लागतो, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वर्षाचा दर. स्टेटमेंटवर तो असतो, पण करापूर्वीचा. आणि काढताना शेवटच्या बारा महिन्यांतले हप्ते अल्पमुदतीत जातात, त्यांच्या नफ्यावर 20 टक्के. जुनी युनिट्स आधी विकली धरली जातात, त्यामुळे थोडेच काढलेत तर त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ए-201 काका: माझं काय ते सांग. काढू का सगळे?

बी-104 ताई: फी एकदम भरायची आहे का?

ए-201 काका: नाही. पुढच्या जून-जुलैला पहिली, नंतर दरवर्षी.

बी-104 ताई: मग अर्धी युनिट्स मार्चमध्ये, अर्धी एप्रिलमध्ये काढा. दोन आर्थिक वर्षं, दोनदा सव्वा लाखाची सूट. एनएव्ही तेवढीच राहिली असं धरलं तर प्रत्येक वेळी 3 लाख नफा, कर 22,750. दोन्ही मिळून 45,500. वाचले 16,250. मधल्या दिवसांत बाजार पडला तर तो तोटा तुमचा, त्यामुळे मधे फार अंतर ठेवू नका. आणि 31 मार्चची वाट बघू नका. दुपारी 3 च्या आत अर्ज गेला तरच त्या दिवशीची एनएव्ही मिळते, आणि शेवटच्या दिवशी काही अडलं तर वर्ष बदलतं.

ए-201 काका: 24-25 मार्चला देतो अर्ज. एजंटला उद्याच फोन करतो.

बी-104 ताई: "ऑल युनिट्स" वर खूण करू देऊ नका, युनिट्सचा आकडा लिहायला सांगा. स्टेटमेंट संध्याकाळी घेऊन या, भागून देते.