मदत हवी आहे: ट्रॅक्टर उजवीकडून डावीकडे जातो, आवाज मात्र त्याच्याबरोबर जात नाही

बावडेकर:
नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र ऊसतोडीवर एक छोटी फिल्म करतोय. कसबा बावड्याहून शियेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक शॉट घेतलाय. कॅमेरा रस्त्यापासून साधारण १२ मीटरवर, बांधावर ट्रायपॉडवर आहे. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर उजवीकडून येतो आणि डावीकडे निघून जातो. शॉटच्या २ऱ्या सेकंदाला ट्रॅक्टरचं तोंड उजव्या कडेला दिसतं, ५व्या सेकंदाला बरोबर मधे येतं, ८व्याला डावीकडून बाहेर. मागच्या ट्रॉलीचं शेपूट बाहेर पडायला १३ सेकंद उजाडतात.

आवाज त्याच वेळी वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला. मित्र पलीकडच्या उसात बसला होता, रस्त्यापासून ३ मीटरवर.

प्रीमियर प्रोमध्ये Effect Controls मध्ये जाऊन Panner खालच्या Balance ला कीफ्रेम दिल्या: २ऱ्या सेकंदाला १००, ५व्याला ०, ८व्याला उणे १००. हेडफोन लावून ऐकलं तर ट्रॅक्टर उजवीकडे दिसत असताना आवाज गोधडीखालून आल्यासारखा बारीक. मधे आला की एकदम अंगावर येतो, आणि डावीकडे गेला की परत बारीक. सरकतोय असं कुठंच वाटत नाही. हेडफोन उलटे घातलेत का तेही दोनदा बघितलं. चार दिवस याच एका शॉटवर अडकलोय. काय चुकतंय?

तांबडा_पांढरा:
भावा, तुझ्या कीफ्रेम सरळ रेषेत आहेत म्हणून असं होतंय. सगळ्या निवडून राइट क्लिक कर आणि Bezier कर, हालचाल मऊ होईल. आणि मधे अंगावर येतो कारण तिथं दोन्ही स्पीकरमधून आवाज येतो, त्याची बेरीज होते. ५व्या सेकंदाला Level ३ डीबीनं खाली घे, बसेल सगळं.

ध्वनिवेडी:
बावडेकर, दोन गोष्टी सांगा. टाइमलाइनवर त्या क्लिपची लाट एका पट्टीत दिसते की दोन? आणि तुमचा मित्र पलीकडच्या उसात बसून कुठं तोंड करून होता, रस्त्याकडे ना?

बावडेकर:
दोन पट्ट्या दिसतात ताई. आणि हो, रस्त्याकडे तोंड करून, म्हणजे आमच्या कॅमेऱ्याकडेच. वरची पट्टी आधी फुगते, खालची नंतर.

ध्वनिवेडी:
मग दुखणं तिथंच आहे. तुमच्या कॅमेऱ्याला ट्रॅक्टर उजवीकडून डावीकडे जाताना दिसतो. समोरच्या बाजूला बसलेल्या माणसाला तोच ट्रॅक्टर डावीकडून उजवीकडे जातो. रेकॉर्डिंग स्टिरिओ आहे, त्यामुळे ही उलटी हालचाल आवाजात आधीच बसलीय. वरची पट्टी म्हणजे डावा चॅनल, आणि तो आधी फुगतोय असं तुम्हीच लिहिलंय.

आता स्टिरिओ क्लिपवर Balance काय करतं बघा. ते डाव्या बाजूचा आवाज उचलून उजवीकडे नेत नाही, फक्त एका बाजूचा गळा दाबतं. तुम्ही २ऱ्या सेकंदाला १०० दिलं, म्हणजे डावा चॅनल बंद केलात. ट्रॅक्टरचा जोर त्या वेळी नेमका डाव्या चॅनलमध्ये होता. उरलं ते उजव्या माइकनं लांबून टिपलेलं थोडंसं, म्हणून गोधडीखालचा आवाज. ८व्या सेकंदाला तेच उलट्या बाजूनं होतं.

तांबडा_पांढरा, बेरजेचं तुमचं म्हणणं मोनो क्लिपच्या बाबतीत विचार करण्यासारखं आहे, पण इथं ट्रॅक्टर मधे असताना सगळ्यात जवळ असतो. तिथं आवाज कमी केला तर चित्राच्या विरुद्ध जाईल.

गांधीनगर_स्टुडिओ:
मलाही हाच त्रास आहे. हळदीच्या व्हिडिओत कॉलर माइकचा आवाज फक्त डाव्या कानात येतो, उजवा कान पूर्ण मुका. मी पण Balance ० वर ठेवून बघितलं, काही फरक नाही. गिऱ्हाईक परवा येणार आहे.

ध्वनिवेडी:
तुमचं वेगळं आहे. तुमच्या उजव्या चॅनलमध्ये आवाजच नाही, सरकवायचं काही नाहीच. Effects मधून Fill Right with Left क्लिपवर टाका, पाच मिनिटांत सुटेल. Balance ला हात लावू नका.

तांबडा_पांढरा:
मग बावडेकरलाही सोपं आहे की. Swap Channels टाकायचं, डावं उजवं उलटं होईल. कीफ्रेम काढून टाकल्या तरी चालेल.

ध्वनिवेडी:
दिशा सुधारेल, हे खरं. पण रेकॉर्डर ३ मीटरवर होता आणि कॅमेरा १२ मीटरवर. इतक्या जवळून ट्रॅक्टर गेला की आवाज बराच वेळ एका बाजूला राहतो आणि समोरून जाताना झपकन दुसरीकडे जातो. पडद्यावर मात्र तो ६ सेकंद निवांत सरकतोय. चढ-उताराचंही तेच. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डीबीनं उतरतो. तुमच्या फ्रेमची कड मधल्या बिंदूपासून रस्त्यावर आठ-साडेआठ मीटर असावी. कॅमेऱ्यापासून बघितलं तर कडेला असताना फरक जेमतेम २ डीबीचा. रेकॉर्डरपासून तोच फरक नऊ-दहा डीबी. म्हणून तो तुम्हाला मधे अंगावर आल्यासारखा वाटतो.

मी मोनो करीन. Project पॅनलमध्ये क्लिप निवडा, Shift+G दाबा. Clip Channel Format मध्ये Mono, Number of Audio Clips १, आणि फक्त L ला खूण. दोन्ही चॅनल मिसळू नका, एकच घ्या. टाइमलाइनवर आधी टाकलेली क्लिप यानं बदलत नाही, ती काढून नव्यानं टाकावी लागते. आता तोच Panner आवाज खरोखर एका बाजूकडून दुसरीकडे नेईल.

बावडेकर:
केलं ताई. काटा आला अंगावर, ट्रॅक्टर सरकायला लागला! पण आता नवीनच खटकतंय. ८व्या सेकंदाला इंजिन बाहेर गेलं तरी पडद्यावर ट्रॉल्या अजून मधेच आहेत, आणि त्यांचा खडखडाट डाव्या टोकाला ऐकू येतो.

ध्वनिवेडी:
येणारच. मोटरसायकल म्हणजे एक ठिपका. तुमचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट १५ मीटरच्या आसपास लांब, जवळजवळ तुमच्या फ्रेमएवढा. एका पॅननं इतकी लांब वस्तू सांभाळता येत नाही. इंजिन आणि ट्रॉल्या वेगळ्या ट्रॅकवर हव्यात. सुटे आवाज आहेत का तुमच्याकडे?

बावडेकर:
आहेत. ट्रॉलीच्या मागून चालत घेतलेला खडखडाट आहे, साखळीचा आवाज छान आलाय त्यात. आणि ड्रायव्हरशेजारी बसून फोनवर घेतलेलं इंजिन.

ध्वनिवेडी:
मग तेच वापरा. दोन्ही मोनो करा. त्यांच्यात स्वतःची ये-जा नाही, त्यामुळे चढ-उतार तुमच्या हातात राहतो. इंजिनाला २ऱ्या सेकंदाला ६०, ५व्याला ०, ८व्याला उणे ६०. ट्रॉल्यांचा मध्य ट्रॅक्टरच्या तोंडापासून साधारण ९ मीटर मागे येईल. तोंडाला अर्धी फ्रेम कापायला ३ सेकंद लागतात, म्हणून ट्रॉल्यांना हेच आकडे ३ सेकंद उशिरा द्या: ५, ८ आणि ११. हे हिशेबाचे आकडे झाले. खरं म्हणजे प्लेहेड थांबवून चाक कुठं आहे ते बघायचं आणि तिथं कीफ्रेम द्यायची.

१०० पर्यंत नेऊ नका. हेडफोनमध्ये पूर्ण टोकाला गेलेला आवाज एका कानात घुसल्यासारखा होतो. बाहेर उभं राहून ऐकताना उजवीकडचा ट्रॅक्टर डाव्या कानालाही ऐकू येतोच ना.

आणि वाहन फ्रेमबाहेर गेलं म्हणून आवाज तिथंच मारू नका. पॅन उणे ७५ पर्यंत हळूहळू जाऊ द्या. त्या वेगानं मधून २४ मीटर पुढं जायला साडेआठ सेकंद लागतात, आणि तेव्हा कुठं आवाज ७ डीबीनं उतरतो. पुढचा कट आला तरी त्याखाली तो थोडा वाहू द्या. उसातली सळसळ आणि पाखरं वेगळ्या स्टिरिओ ट्रॅकवर जागच्या जागी ठेवा, त्यांना पॅन करायचं नाही.

तांबडा_पांढरा:
Bezier चं काय मग? आणि वाहन जवळ येताना स्वर चढा असतो, लांब जाताना उतरलेला. शेजारी बसून घेतलेल्या आवाजात ते नसणार.

ध्वनिवेडी:
रस्ता कॅमेऱ्याला समांतर आहे आणि वेग एकसारखा, म्हणून पडद्यावरही ट्रॅक्टर एकसारखा सरकतो. इथं सरळ रेषाच बरोबर. रस्ता तिरका असता, म्हणजे वाहन लांबून कॅमेऱ्याकडे येत असतं, तर ते आधी सावकाश आणि शेवटी भर्रकन सरकलं असतं, आणि मग जास्त कीफ्रेम लागल्या असत्या.

स्वराचा मुद्दा रास्त आहे. पण ट्रॅक्टर ताशी १० किलोमीटरनं चाललाय. येताना आणि जाताना मिळून स्वरात दीड टक्क्याच्या आसपास फरक पडेल, आणि धडधडणाऱ्या इंजिनात तो कळणं अवघड. ६० नं जाणारी बुलेट असती तर फरक १० टक्के झाला असता, तेव्हा मी ते सोडलं नसतं.

बावडेकर:
एक शेवटचं. याच शॉटमध्ये ट्रॅक्टर गेल्यावर आमचा नायक डावीकडून उजवीकडे चालत येतो आणि चालता चालता आईला हाक मारतो. त्याचा आवाजही पॅन करू का?

ध्वनिवेडी:
पावलं करा, २५-३० च्या आत. हाक मधेच ठेवा. नाहीतर पुढच्या शॉटमध्ये कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेला की तोच माणूस बोलता बोलता डाव्या कानातून उजव्या कानात उडी मारेल.

पंचगंगेकाठी:
मला हे पटत नाही. एकाच लांब शॉटमध्ये माणूस कडेला आहे आणि हाक मधून येते, हे हेडफोनवर फार खोटं वाटतं. मी अशा ठिकाणी १५-२० पर्यंत नेतो आणि कट यायच्या आधी शून्यावर आणतो.

ध्वनिवेडी:
तुमचा शॉट तेवढा लांब असेल तर जमेलही. मी तरी मधेच ठेवते, कारण स्पीकरवर बघणारा कडेला बसला असेल तर त्याला जवळच्या स्पीकरचाच आवाज जास्त येतो, आणि हाकेतला शब्द निसटला तर प्रसंगच जातो.

बावडेकर:
आत्ता ऐकलं. डोळे मिटून बसलो आणि मित्राला सांगितलं, मी बोट दाखवतो तिथं ट्रॅक्टर आहे का बघ. इंजिन तीनही वेळा बरोबर आलं. ट्रॉल्यांना माझं बोट पुढं जात होतं, म्हणून त्यांच्या कीफ्रेम आणखी १० फ्रेम उशिरा नेल्या. हाकेच्या दोन आवृत्त्या काढल्यात, एक मधे आणि एक १५ वर. रविवारी चौघं बसून स्पीकरवर ऐकतो आणि इथं कळवतो.

गांधीनगर_स्टुडिओ:
हळदीचं झालं, दोन्ही कानात येतंय. धन्यवाद ताई.