अनुभव धागा: दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर उघडी पडलेली गुपितं

पोफळी:
मंडळी, एक कथा लिहितोय आणि मधेच अडलोय. काळ पुढचा. म्हापशापासून मडगावपर्यंत एकच शहर झालंय, मधे शेत नाही की खाजन नाही. मांडवीवर एकावर एक पूल. १९८६ साली इथला पूल कोसळला होता, त्याची आठवण खालच्या वस्तीत अजून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्यामुळे वरून जड गाडी गेली की सगळे क्षणभर मान वर करतात. त्या अंधारात बाबलोचं दुरुस्तीचं दुकान. डोळ्यात बसवलेली, कानामागे शिवलेली यंत्रं तो नीट करतो.

एका रात्री एक गिऱ्हाईक बुडून मेलेल्या माणसाचं यंत्र आणतं. बाबलो ते चालू करतो, मेसेजांची रांग लागते आणि कॅसिनोच्या पैशांचं एक प्रकरण त्याच्यासमोर उघडं पडतं. पुढे त्याच्या जिवावर बेततं. मला हा प्रसंगच खोटा वाटतोय. तुमच्यात कोणी मोबाईल दुरुस्त करणारं असेल, किंवा फोन दुरुस्तीला देऊन पस्तावलं असेल, तर लिहा. गुपित हाती लागतं कसं?

डिचोलीचा बंड्या:
एवढं सोपं आहे की! मेमरीची चिप गरम हवेने उचलायची, वाचायच्या मशीनवर बसवायची, फोटो-मेसेज सगळं समोर. माझ्या मावसभावाने २०१३ ला माझ्याच मेलेल्या फोनमधून लग्नाचे फोटो असे काढून दिले होते. बाबलोला फोन चालू करायची गरजच काय?

गरम हवा:
बंड्या, २०१३ चं तुझं बरोबर, आजचं नाही. २०१५ ला अँड्रॉइड ६ आलं, त्याच्या आगेमागे नव्या फोनांत सगळा साठा कुलूपबंद होऊ लागला, आणि त्या कुलपाची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप उचलून वाचलीस तर नुसता कचरा दिसेल. म्हणजे ती चिप, तो प्रोसेसर आणि मालकाचा पासवर्ड, तिन्ही एकत्र हवेत. म्हणून तर आमचा धंदा चालतो. बोर्ड जिवंत करणारा हात लागतोच.

पोफळी, तुमच्यासाठी एक खरी केस. मोरजीच्या समुद्रात पडलेला फोन, गिऱ्हाइकाने दोन दिवस तांदळात ठेवून आणलेला. तांदूळ मीठ खात नाही हो. उघडला तर चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट-पांढरी खपली. पहिलं काम बॅटरी सोडवणं, बाकी सगळं नंतर. बोर्ड बाहेर काढून आयपीए म्हणजे साफसफाईच्या अल्कोहोलने ब्रश मारून धुतला, वाळवला, बॅटरीच्या जागी टेबलावरच्या आकडे दाखवणाऱ्या सप्लायवरून ४ व्होल्ट लावले. बटण दाबायच्या आधीच करंट वर धावला, म्हणजे मेन लाइन शॉर्ट.

मग राळेचा धूर बोर्डावर सोडायचा. सगळं पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं होतं. व्होल्टेज १ वर आणून करंट दिला की जो भाग शॉर्ट आहे तो तापतो आणि त्याच्यावरची राळ वितळून तेवढाच ठिपका काळा दिसतो. खसखशीच्या दाण्याएवढा कपॅसिटर होता. उचलून टाकला. लाइन साफ करणारे असे बरेच असतात, एक गेल्याने सहसा अडत नाही. आता सप्लायवर शून्य, बटण दाबलं की आकडा नाचायला लागतो. तो नाच बघायला मी आजही खुर्चीच्या टोकावर बसतो.

आता तुमची चूक. फोन चालू झाला तरी मेसेजांची रांग लागत नाही. रीस्टार्टनंतर मालकाने एकदा पासवर्ड टाकेपर्यंत आतलं काहीच उघडत नाही. फोन आला तर नाव दिसत नाही, नुसता नंबर, कारण नावांची यादीसुद्धा कुलपातच असते.

सावंतीण, फोंडा:
माझं ऐका. मी स्क्रीन बदलायला फोन दिला, त्या पोराने पासवर्ड मागितला, मी दिला. परत घ्यायला गेले तर तो माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो सरकवत बसलेला. म्हणे, "टच चालतो का बघतोय ताई." टच बघायला फोटोच लागतात? आणि माझे गणपतीचे व्हिडिओ गेलेत ते मिळतील का? कोणी सांगेल का?

गरम हवा:
ताई, टच बघायला कॅल्क्युलेटर पुरतो. त्याने जे केलं ते वाईटच. पुढच्या वेळी सेटिंगमध्ये मेंटेनन्स मोड किंवा रिपेअर मोड आहे का बघा. काही कंपन्यांनी २०२२ पासून दिलाय. तो लावला की आमच्यासमोर रिकामा फोन येतो. व्हिडिओंचं आधी गुगल फोटोच्या ट्रॅशमध्ये बघा, धाग्यात नको.

शटर अर्धं:
म्हापशात नवऱ्याचं दुकान, गल्ला आणि पावत्या माझ्याकडे. पोफळी, तुम्ही सगळे फोनमध्ये गुपित शोधताय. ते आमच्या पावतीपुस्तकात असतं. नाव, नंबर, काय बिघडलं, आणि खाली पासवर्ड. पॅटर्न असेल तर नऊ टिंबं काढून त्यावर बाणाची रेघ. पेनने! कार्बन कॉपी आमच्याकडे राहते. वॉरंटीसाठी जुनी पुस्तकं मी बिस्किटाच्या डब्यात ठेवते.

एकदा एका बाईंचा भिजलेला फोन टेबलावर होता, सिम आतच. फोन नुकताच चालू झालेला, पासवर्ड टाकलेला नाही. तेवढ्यात कॉल आला. दादा म्हणतात तसा नुसता नंबर. शेवटचे चार आकडे बघून मला वाटलं, हा मी लिहिलाय. पुस्तक चाळलं. आठवड्यापूर्वी एक गृहस्थ फोनची बॅटरी बदलून गेले होते, त्यांचा. दोघंही आमच्या ओळखीतली, एकमेकांशी संबंध असेल असं स्वप्नातही नाही. मी पुस्तक मिटलं. नवऱ्यालाही दोन वर्षांनी सांगितलं.

डिचोलीचा बंड्या:
पण पोलिसांना सांगायला नको का, कथेत म्हणतोय मी?

शटर अर्धं:
कशाबद्दल सांगणार? एका नंबरावरून दुसऱ्याला फोन आला म्हणून?

गरम हवा:
हिने बरोबर दाखवलं. आणि सिमचं विसरू नका. सिमला पिन नसेल तर ते दुसऱ्या फोनात घालून ओटीपी घेता येतो, फोन कितीही कुलूपबंद असो. म्हणून मी सिम काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, पावतीवर "सिम दिलं" लिहून सही घेतो. तरी दिवसाला दोघं तरी विसरून जातातच.

पोफळी:
ताई, तुमच्या बिस्किटाच्या डब्यावर कथा उभी राहिली. आता असं केलंय. बाबलोकडे सगळं शहर यंत्रं आणतं, पण पावत्या तो कागदावर लिहितो, कारण कागद दुरून कोणी उघडू शकत नाही. बुडालेल्या माणसाचं यंत्र तो जिवंत करतो. आत जाता येत नाही. काचेवर नुसता एक नंबर उजळतो, वाजत राहतो. बाबलो पुस्तक उघडतो. तो नंबर गेल्या मंगळवारच्या पावतीवर आहे, खाली नऊ टिंबं आणि बाण. आणि ज्याने यंत्र आणलंय तो काउंटरपलीकडून पुस्तकाकडे बघतोय.

अडलंय ते एवढंच, की बाबलो पुस्तक जाळेल का?

गरम हवा:
जाळणार नाही. त्यात उधारी असते.

शटर अर्धं:
जाळेल. पण आधी उधारीचं पान फाडून खिशात घालेल. त्याची बायको काय करते ते लिहा ना, पुस्तक ती लिहीत असणार.

सावंतीण, फोंडा:
ट्रॅशमध्ये नाहीत हो व्हिडिओ.