मुलाच्या स्वरयंत्रात पुन्हा पुन्हा पॅपिलोमा, आता एचपीव्ही लस द्यावी का?

मीरेची_आई
माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. साडेतीनचा असताना आवाज घोगरा झाला, तो परत आलाच नाही. सर्दीनं बसलाय म्हणून थोडे दिवस गेले, मग दमा समजून पंप सुरू झाला, फरक काहीच नाही. पुढे रडताना आवाज फुटायचा बंद झाला, नुसती हवा यायची. झोपेत श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तेव्हा ईएनटी डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली. स्वरतंतूंवर द्राक्षाच्या घडासारख्या गाठी होत्या. तुकडा तपासला, पॅपिलोमा निघाला, विषाणूचा प्रकार एचपीव्ही ११.

तीन ऑपरेशनं झाली. पहिल्या दोनांत चार महिन्यांचं अंतर होतं, नंतर जेमतेम सात आठवडे. प्रश्न दोन. सर्जन म्हणाले, पुढच्या कोपऱ्यातला थोडा भाग मी मुद्दाम ठेवलाय. पुन्हा येणारच आहे तर सगळं एकदाच का काढत नाहीत? आणि लस द्या असं बालरोगतज्ज्ञ म्हणतात, पण ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मते आता वेळ गेली. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

गाणारा_गळा
ताई, घाबरू नका. मलाही स्वरतंतूंवर गाठी होत्या. आवाजाला विश्रांती, भरपूर पाणी आणि स्पीच थेरपी, एवढ्यावर गेल्या. ऑपरेशनची घाई करू नका.

कानघसा
दादा, तुमच्या गाठी आवाजावरच्या ताणानं झालेल्या, म्हणजे नोड्यूल्स. इथे विषाणूनं वाढणाऱ्या गाठी आहेत, त्या विश्रांतीनं जात नाहीत, आणि लहान मुलाची श्वासवाट मुळातच अरुंद असते. ताईंनी हा सल्ला ऐकून थांबू नये.

मी लहान मुलांच्या ईएनटीत काम करतो. ताई, आधी कोपऱ्याचं. दोन्ही स्वरतंतू पुढे एका ठिकाणी जुळतात. तिथल्या दोन्ही बाजू एकाच वेळी खरवडल्या, तर समोरासमोरचे ओले पृष्ठभाग भरताना एकमेकांना चिकटतात आणि मध्ये पडदा तयार होतो. गाठी पुढे थांबल्या तरी तो पडदा आवाज बिघडवून राहतो. शिवाय निरोगी दिसणाऱ्या आसपासच्या अस्तरातही विषाणू असतो, म्हणून दिसतं ते सगळं काढलं तरी आजार संपत नाही. ऑपरेशनचा हेतू श्वासवाट मोकळी ठेवणं आणि आवाज वाचवणं एवढाच. तुमच्या सर्जननी हात आवरला, ते योग्यच केलं असं मला वाटतं.

समीर७४
लस नक्की द्या. माझ्या मावसभावाच्या मुलीच्या गाठी लसीनंतर थांबल्या. एचपीव्हीची लस म्हणजे या विषाणूवरचं औषधच, कुठलीही कंपनी चालेल. आणि सिझेरियन झालं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

कानघसा
समीर, थोडं बरोबर, बरंच नाही. या गाठी मुख्यतः एचपीव्ही ६ आणि ११ मुळे होतात. जुनी दोन प्रकारांची लस १६ आणि १८ वर बेतलेली आहे, ती इथे उपयोगाची नाही. चार किंवा नऊ प्रकारांची लागते, त्यांत ६ आणि ११ आहेत.

दुसरं, लस संसर्ग होण्याआधी सर्वांत जास्त काम करते. पेशीत शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही. झाल्यावर दिली तर काही रुग्णांत दोन ऑपरेशनांमधलं अंतर वाढलेलं दिसलं आहे, पण हा आजार आपोआपही मंदावतो, त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं हे सांगणं अवघड. तुमच्या पुतणीबाबतही तेच. मी स्वतः लस सुचवतो, कारण धोका कमी आणि थोडा फायदा शक्य. गाठी जातील असं वचन मात्र देत नाही.

बाळाला हा विषाणू सहसा जन्माच्या वेळी आईकडून मिळतो, म्हणून खरी किमया मातांच्या लसीकरणात आहे. ऑस्ट्रेलियात मुलींना २००७ पासून लस दिली जाते. तिथल्या नोंदींनुसार मुलांमधला हा आजार २०१२ साली लाखामागे ०.१६ होता, तो २०१६ पर्यंत ०.०२ वर आला, आणि नव्या रुग्णांपैकी एकाचीही आई गरोदरपणाआधी लस घेतलेली नव्हती. सिझेरियननं धोका कमी होत असेल, पण सिझेरियन झालेल्या मुलांनाही हा आजार झालेला आहे. विषाणू असलेल्या बहुतेक मातांच्या मुलांना तो होतही नाही. म्हणून फक्त यासाठी सिझेरियन करत नाहीत.

शर्वरी_के
माझी मुलगी आता चौदाची आहे. तिची सुरुवात तिसऱ्या वर्षी झाली, प्रकार ११ च. सगळ्यात वाईट काळ पाच ते आठ. तेव्हा गाठी श्वासनलिकेच्या वरच्या भागापर्यंत उतरल्या. एका ठिकाणी गळ्याला छिद्र पाडायचं सुचवलं होतं, आमच्या सर्जननी टाळलं. त्यांचं म्हणणं होतं, छिद्र पाडल्यावर गाठी खाली पसरण्याची भीती असते, जीवच धोक्यात असला तरच. लेझरऐवजी ते मायक्रोडिब्रायडर वापरायचे, त्यानं गाठी खरवडून ओढून घेतात, उष्णता लागत नाही.

एक उपयोगी गोष्ट सांगते. रोज एकच ओळ तिच्याकडून म्हणून घेऊन मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. ऐकताना सवय होते, आपल्याला बदल कळत नाही. काही आठवड्यांपूर्वीचं रेकॉर्डिंग लावलं की लगेच कळतं. डॉक्टरांना ऐकवलं तर पुढची तारीख ठरवायला सोपं जातं. पण झोपेत श्वास घेताना आवाज आला किंवा मानेखालचा खळगा आत ओढला जाऊ लागला, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लस आम्ही नववं संपल्यावर दिली. त्यानंतर अंतर वाढलं. लसीनं की वयानं, मलाही ठरवता आलं नाही.

मीरेची_आई
शर्वरीताई, रेकॉर्डिंगचं आजच सुरू करते. डॉक्टरसाहेब, सात आठवड्यांवर आलोय, ऑपरेशनांशिवाय काही देता येतं का? आणि मीराला, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीला, याची लागण होईल का?

कानघसा
एकत्र खेळण्या-झोपण्यानं हा आजार पसरत नाही, मीराला वेगळं ठेवू नका. तिला वयानुसार लस मिळेलच.

औषधाचा विचार साधारणपणे तेव्हा होतो, जेव्हा वर्षात चारपेक्षा जास्त ऑपरेशनं लागतात, गाठी खाली पसरतात किंवा श्वास अडण्याइतक्या वेगानं वाढतात. सात आठवड्यांचा वेग असाच टिकला तर तुम्ही त्या रांगेत येता. गाठीत सुई टोचून देतात ते सिडोफोव्हिर बरंच जुनं. हल्ली शिरेतून बेव्हासिझुमॅब देतात, ते गाठींना लागणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं. अनेक रुग्णांत गाठी लक्षणीय आकसतात, मात्र डोस थांबले की बऱ्याचदा परत येतात. रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं तपासत राहावी लागतात. २०२५ साली अमेरिकेत प्रौढांसाठी एका नव्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, मुलांसाठी नाही. हे सगळं स्वरयंत्राचा अनुभव असलेल्या मोठ्या केंद्रातच विचारा.

समीर७४
दोन प्रकारांच्या लसीचं मला माहीत नव्हतं. पुतणीला कुठली दिली ते विचारून इथे लिहितो.

मीरेची_आई
लसीचं वय नऊ, हा पाच. बालरोगतज्ज्ञ आत्ताच देऊ म्हणतात. एवढ्या लहान वयात कुणी दिली आहे का?

कानघसा
नऊच्या आत देणं मान्यताप्राप्त वापराबाहेर आहे. काहींनी दिली आहे, पण माझ्या हातून नाही, म्हणून ठाम मत देणार नाही. सर्जन आणि बालरोगतज्ज्ञ दोघांना एकत्र बसवून ठरवा.

शर्वरी_के
आम्ही नववं पुरं व्हायची वाट पाहिली. इथे कुणी आधी दिली असेल तर त्यांनी लिहा, मलाही ऐकायचं आहे.