शब्दचर्चा: संन्यास, प्रव्रज्या आणि पाचारण

मोरपीस
आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिते आहे. बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मांत काही माणसं भरलं घर सोडून मठाची वाट का धरतात, हा विषय. दोघांसाठीही मी ‘संन्यास घेतला’ असंच लिहिलं होतं. संपादकांनी दोन्हीकडे खूण करून समासात विचारलंय, ‘संन्यास म्हणजे चौथा आश्रम, इथे चालेल का?’ मला वाटतं चालावा, मराठी वाचकाला तो लगेच कळतो. पण मग बौद्ध लिखाणात ‘प्रव्रज्या’ आणि मराठी ख्रिस्ती लिखाणात ‘पाचारण’ हे शब्द का रुळले? घर सोडण्याच्या कारणातच फरक आहे का?

नागपूरकर
बौद्धांसाठी सरळ ‘दीक्षा घेतली’ लिहा. आमच्याकडे सगळे तेच म्हणतात, शोधत बसायची गरज नाही.

पालीवाचक
नागपूरकर, दीक्षा शब्द बरोबर आहे, पण तो दुसऱ्या गोष्टीसाठी. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि ते आपापल्या घरी परतले. शेती, नोकरी, संसार सगळं चालू राहिलं. ते उपासक-उपासिका झाले. भिक्खू होणं हा वेगळा मामला आहे. आधी प्रव्रज्या, म्हणजे पालीत पब्बज्जा. मुंडन करून चीवर अंगावर घेतलं की माणूस श्रामणेर होतो. मग वयाची 20 वर्षं भरल्यावर संघासमोर उपसंपदा होते, तेव्हा तो भिक्खू.

मोरपीस, तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मज्झिमनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या रट्ठपालसुत्तात आहे, कारण तिथे एक राजा हाच प्रश्न विचारतो. रट्ठपाल हा कुरुदेशातल्या थुल्लकोट्ठित गावच्या श्रीमंत घरातला एकुलता एक मुलगा. बुद्धाचं प्रवचन ऐकलं आणि त्याने प्रव्रज्या मागितली. बुद्धाने विचारलं, आईवडिलांची परवानगी आहे का? नव्हती. घरी विचारलं तर आईवडील म्हणाले, ‘तू मेलास तरी आमच्या मनाविरुद्ध तुझा वियोग होईल, मग जिवंतपणी कसं सोडू?’ तो तिथेच उघड्या जमिनीवर आडवा झाला आणि अन्नपाणी सोडलं. शेवटी मित्रांनी मध्यस्थी केली: मरू दिलात तर मुलगा कायमचा गेला, भिक्खू झाला तर निदान दिसेल तरी. आणि नाहीच रमला तर परत येईल. परवानगी मिळाली ती या हिशेबावर.

पुढे भिक्खू होऊन तो गावी आल्यावर राजा कोरव्य त्याला म्हणतो, माणसं चार कारणांनी घर सोडतात. म्हातारपण येतं, आजार जडतो, पैसा जातो किंवा नातलग एकेक करून जातात. तुझ्या बाबतीत यातलं एकही नाही. मग तू काय पाहिलंस?

सह्याद्री
राजाचं बरोबरच आहे की. माणूस घर सोडतो कारण घरात काहीतरी बिघडलेलं असतं. कर्ज, भांडण, प्रेमभंग. बाकीची कारणं मागाहून जोडलेली. ‘संसाराला कंटाळून गोसावी झाला’ असं आपल्याकडे म्हणतातच.

काकडआरती
नमस्कार. थोडं वेगळं विचारते. माझा भाचा मागच्या महिन्यात इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला जाऊन आला. आल्यापासून फार बोलत नाही, मोबाईल बाजूला ठेवतो. बहीण घाबरली आहे की हा आता भिक्खू होणार. तुम्ही म्हणता ती प्रव्रज्या तिथेच देतात का?

पालीवाचक
ताई, नाही. ते शिबिर गृहस्थांसाठीच असतं. दहा दिवस मौन आणि शील पाळायचं, ध्यान शिकायचं आणि घरी जायचं. चीवर नाही, मुंडन नाही. बहिणीला सांगा, काळजी करू नका. एकदम गर्दीत आल्यावर काही दिवस कमी बोलणं साहजिक आहे. आपल्याकडे दहा दिवसांची श्रामणेर शिबिरंही होतात. त्यांत मात्र मुंडन करून चीवर घालतात, पण शिबिर संपल्यावर तीही मुलं घरीच येतात.

सह्याद्री, कर्ज चुकवायला, आजार बरा करायला लोक संघात येत होते हे खरंच आहे, आणि ते विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातच नोंदलेलं आहे. मगधात पाच रोगांची साथ आली तेव्हा जीवक वैद्य राजावर आणि भिक्खुसंघावर उपचार करत असे. बाकीच्यांना तो वेळ देऊ शकत नव्हता. मग रोगी माणसं भिक्खू झाली, भिक्खूंनी त्यांची सेवा केली, जीवकाने औषध दिलं. बरं वाटल्यावर त्यांतला एक चीवर सोडून घरी गेला आणि जीवकालाच रस्त्यात भेटला. जीवकाने बुद्धाकडे तक्रार केली आणि त्या रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. कर्जदार आणि राजाच्या चाकरीतला शिपाई यांच्याबद्दलचे नियमही अशाच घटनांतून आले. म्हणून आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारतात: ऋणमुक्त आहेस ना? राजाचा सैनिक नाहीस ना? आईवडिलांची परवानगी आहे ना? म्हणजे तुम्ही म्हणता ती कारणं संघाला माहीत होती आणि त्यांना दारातच अडवायची सोय त्याने केली.

आता रट्ठपालाचं उत्तर. तो चार गोष्टी सांगतो. जग वाहून चाललंय, टिकत नाही. त्याला कुणी वाली नाही. त्याचं स्वतःचं असं काही नाही, सगळं टाकून जावं लागतं. आणि ते कायम अपुरं, अतृप्त, तृष्णेचं दास आहे. राजा पहिल्याच गोष्टीचा अर्थ विचारतो, तर रट्ठपाल त्यालाच विचारतो, विशी-पंचविशीत तुझ्या अंगात किती बळ होतं? राजा म्हणतो, माझ्या तोडीचा कुणी नव्हता. आणि आज? ‘आज मी ऐंशीचा आहे. पाऊल इथे टाकायचं म्हणतो आणि पडतं दुसरीकडेच.’ मला हे वाक्य फार खरं वाटतं. राजाने सांगितलेली चारही कारणं म्हणजे काहीतरी गमावल्यावर निघणं. रट्ठपाल अजून काहीच गमावलेलं नसताना निघाला, कारण ते जाणार हे त्याला दिसलं होतं. प्रव्रज्या शब्दात ‘व्रज्’ आहे, म्हणजे जाणं. निघणारा स्वतः निघतो. कुणी बोलावत नाही.

वसईकर
नेमकं इथेच आमचा शब्द वेगळा पडतो. पाचारण म्हणजे बोलावणं. ‘डॉक्टरांना पाचारण केलं’ असं पेपरात येतं तोच शब्द, पण बोलावणारा देव. मराठी बायबलमध्ये तो सगळ्याच ख्रिस्ती माणसांसाठी आला आहे. आम्ही चर्चमध्ये मात्र ‘तिला पाचारण झालं’ म्हटलं की सिस्टर व्हायला गेली असंच समजतो.

माझी मावशी सिस्टर आहे. घरात काही बिघडलेलं नव्हतं, सह्याद्री. स्थळ आलेलं होतं आणि मुलगा तिला आवडलाही होता. ती म्हणते, संसार वाईट म्हणून सोडला नाही, दुसऱ्या कुणाची तरी हाक जास्त जवळून आली. आजी तेव्हा खूप रडली, तरी तिने अडवलं नाही.

आणखी एक. फादर म्हणजे संन्यासी असं सरसकट लिहू नका. धर्मप्रांताचे फादर ब्रह्मचारी असतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, त्यांच्या नावावर मालमत्ता असू शकते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेणारे ते व्रतस्थ. सिस्टर त्यांत येतात, जेझुइट फादरही येतात.

सह्याद्री
हाक आली हे कळतं कसं? आवाज ऐकू येतो का? मी खरंच विचारतोय.

वसईकर
आवाज क्वचितच कुणी सांगतं. इजिप्तचा संत अँथनी तिसऱ्या शतकातला. आईवडील नुकतेच वारलेले, धाकटी बहीण आणि बरीच जमीन त्याच्याकडे आलेली. चर्चमध्ये गेला तर नेमकं ते शुभवर्तमान वाचलं जात होतं: ‘परिपूर्ण व्हायचं असेल तर जा, तुझं असेल ते विकून गरिबांना दे, आणि माझ्यामागे ये.’ इतरांनीही तेच ऐकलं, पण हे आपल्यालाच सांगितलंय असं त्याला वाटलं. त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बहिणीची सोय कुमारिकांच्या आश्रमात केली आणि तो निघाला.

पण ‘मला वाटलं’ एवढ्यावर कुणी आत घेत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले. त्यात स्पष्ट आहे की नव्याने आलेल्याला सहज प्रवेश देऊ नये. चारपाच दिवस दार ठोठावत राहिला, दुरुत्तरं सोसली, तर पाहुण्यांच्या खोलीत घ्यावं. मग नवशिक्यांत. दोन महिन्यांनी सगळे नियम वाचून दाखवावेत आणि सांगावं, पाळता येत असतील तर राहा, नाहीतर मोकळ्या मनाने जा. पुन्हा सहा महिन्यांनी वाचावेत, पुन्हा चार महिन्यांनी. वर्ष झालं. या काळात बघायचं काय, तर हा खरोखर देवाला शोधतोय का. वचन दिल्यावर त्याचे घरचे कपडे काढून घेतात, पण फेकत नाहीत, कपाटात ठेवतात. कधी मठ सोडायची वेळ आली तर तेच अंगावर घालून त्याला पाठवायचं.

आजही कॅथलिक संस्थांत निदान एक वर्ष नोव्हिशिएट, म्हणजे नवशिक्यांचा काळ, मग निदान तीन वर्षं तात्पुरती व्रतं, आणि मगच आजीवन व्रतं. तीही 21 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाहीत. मावशीबरोबरच्या काही जणी मधेच परतल्या. त्यांची लग्नं झाली, त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

जुनी वही
परतण्यावरून आठवलं. धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे. मराठी मासिकातलं बुद्धचरित्र वाचून त्यांना बौद्ध धर्माची ओढ लागली, बायको-मुलगी मागे ठेवून ते निघाले, वाटेत काशीला संस्कृत शिकले आणि 1902 मध्ये श्रीलंकेत त्यांनी प्रव्रज्या घेतली. पुढे चीवर सोडून ते गृहस्थ झाले आणि पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. त्यांना बुद्धाचा धर्म महाराष्ट्रात आणायचा होता. हे कारण कोरव्य राजाच्या यादीत नाही आणि रट्ठपालाच्या उत्तरातही नाही.

शिवाय बायकांची कारणं राहिलीच. थेरीगाथेत, म्हणजे जुन्या भिक्खुणींच्या गाथांच्या संग्रहात, मुत्ता म्हणते, तीन वाकड्या गोष्टींतून सुटले: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. लगेच पुढे म्हणते, जन्ममरणातूनही सुटले. पालीवाचक, इथे घरातलं काहीतरी बिघडलेलंच आहे ना?

पालीवाचक
आहे. मुत्ताच्या गाथेत सह्याद्रींचं म्हणणं उभं राहतं, हे मान्य. फक्त ती उखळापाशी थांबत नाही. मुसळातून सुटणं आणि जन्ममरणातून सुटणं यांत आधी कुठलं, हे गाथा सांगत नाही. मलाही ठरवता आलेलं नाही.

मोरपीस
सगळ्यांचे आभार. आता असं लिहिते: रट्ठपालाने ‘प्रव्रज्या घेतली’, अँथनीला ‘पाचारण झालं’, आणि दोघांबद्दल एकत्र बोलताना ‘संसारत्याग’. संन्यास काढून टाकते. ख्रिस्ती स्त्रियांसाठी ‘मठवासी भगिनी’ चालेल?

वसईकर
शाळा-हॉस्पिटलात काम करणाऱ्या सिस्टरांना मठवासी म्हणू नका, त्या दिवसभर लोकांत असतात. कार्मेलाइट नन मात्र आवाराबाहेर सहसा येत नाहीत, त्यांना शोभेल. आम्ही दोघींनाही ‘धर्मभगिनी’ म्हणतो.

नागपूरकर
‘संसारत्याग’ मला अजून खटकतो. वसईकरांच्या मावशी तर म्हणतात, संसार वाईट म्हणून सोडला नाही. मग त्याग हा शब्द त्यांना चालेल का, एकदा विचारून सांगाल?